खोटं काज

कोटाच्या बाहीवर मनगटापाशी जी काजं असतात ती बहुतेक वेळा खोटी असतात. दोऱ्याने नीट भरलेली, दिसायला अगदी खऱ्यासारखी, पण मधोमध कापलेलीच नसतात. बटण वरून नुसतं टाचलेलं असतं. ते उघडायला गेलात तर नख मोडेल. शिवणकारखान्यात त्याला खोटं काज म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण बाही उघडायची वेळ कुणावर येत नाही.

त्या कारखान्यात काजाच्या मशीनवर एक बाई होती. सगळे तिला काजवाली म्हणत. मॅनेजरसाहेबसुद्धा म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवीन आलं की तीच सांगायची, "मी काजवाली. काज करते आणि काज कापते. शिवून ठेवलेलं पण न कापलेलं मला बघवत नाही." बाई तशी हसरी, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही. तिचा नवरा बस दुरुस्तीच्या आगारात कामाला होता. तो म्हणायचा, की लग्न ठरवायला गेलो तेव्हा ही पानसुपारी होईपर्यंत उंबऱ्यातल्या सैल खिळ्याकडेच बघत होती, आणि शेवटी सगळ्यांदेखत हातोडी मागितली. हे खरं की त्याने रचलेलं, कोण जाणे. ऐकणाऱ्याला मात्र पटायचं.

शिवणहॉल दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या बाजूला जिना, त्यावरून सगळी ये-जा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीची टेबलं, आणि त्यांच्या मागे एक लोखंडी दार. दारापलीकडे बाहेरच्या भिंतीला लागून उतरणारा लोखंडी जिना. दारावर हिरव्या रंगात पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं, आणि त्या पळणाऱ्या माणसाच्या पोटापाशी, कडीत, एक भलंमोठं कुलूप.

कुलपाची चावी होती स्टोअरकीपरच्या जुडग्यात. आणि स्टोअरकीपर म्हणजे काजवालीचा धाकटा दीर. तो चालायला लागला की कमरेचं जुडगं आधी वाजायचं, म्हणून पोरींनी त्याचं नाव चावीवाले ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, उलट फार काटेकोर. एका वर्षी त्या मागच्या दाराने कापडाचे तागे बाहेर गेले होते, आणि तेव्हा त्याची नोकरी जाता जाता वाचली होती. तेव्हापासून त्या दारावर त्याचा डोळा आणि त्याचं कुलूप. दारापासून हाताच्या अंतरावर, शेवटच्या इस्त्रीवर, त्याची स्वतःची बायको उभी असायची. म्हणजे काजवालीची जाऊ. घरात तिला सगळे धाकटी म्हणत.

या कथेला खरी सुरुवात झाली ती धाकटीच्या मनगटापासून.

एका दुपारी वाफेच्या इस्त्रीची नळी सुटली आणि धाकटीचं मनगट भाजलं. ती ओरडली, काजवाली धावली. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर होती, पण पेटीलाही कुलूप, आणि ती चावी ज्या सुपरवायझरकडे असायची तो रजेवर. कुणीतरी टूथपेस्ट काढली आणि काजवालीने स्वतःच्या हाताने धाकटीच्या मनगटावर ती थापली. दवाखान्यात परिचारिकेने ती पेस्ट पुसायला घेतली तेव्हा पेस्टबरोबर कातडीही निघाली. पेटीच्या कुलपाची हकीकत ऐकून परिचारिकेने मान वर न करता विचारलं, "हे कुणाचं डोकं? नळाखाली धरायचं होतं, साधं गार पाणी, बराच वेळ. पाण्यालाही कुलूप होतं का तुमच्याकडे?"

काजवालीला ते फार लागलं. पुढे कितीतरी दिवस धाकटीची बांधलेली पट्टी दिसली की तिचं तोंड उतरायचं.

त्याच सुमाराला कारखान्याच्या सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी निवडायचे होते. समिती आहे हेच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना इतकंच ठाऊक होतं, की कुणीतरी वर्षाकाठी चार सह्या करतं आणि चहाबरोबर चांगली बिस्किटं मिळतात. कामगारांच्या सोयी-अडचणी बघणाऱ्या वेल्फेअर मॅडमनी हॉलमध्ये उभं राहून विचारलं, "कोण येतंय?" तेव्हा सगळ्याजणी एकदम आपापल्या मशीनमध्ये तोंड घालून बसल्या. काजवालीने हात वर केला. "मी येते. पण बिस्किटं खायला नाही," ती म्हणाली, "बैठकीत बसायला."

मॅडम हसल्या. त्या तरुण होत्या, कायदा शिकून आलेल्या, आणि आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. काजवालीने विचारायला सुरुवात केली आणि मॅडमच्या बोलण्याला जणू पाझर फुटला. जेवणाच्या सुट्टीत दोघी पायरीवर बसायच्या. समितीत जितकी माणसं मालकाची तितकीच कामगारांची असली पाहिजेत, मॅडमनी सांगितलं. तीन महिन्यांतून निदान एकदा बैठक झालीच पाहिजे, ती कामाच्या वेळेत, आणि तेवढ्या वेळाचा पगार कापता येत नाही. प्रथमोपचाराची पेटी कामाच्या सगळ्या वेळात हाताशी हवी, ती सांभाळणारी व्यक्ती शिकलेली हवी, आणि ते शिक्षण मालकाने द्यायचं.

"म्हणजे मी मागू शकते? मला शिकवा म्हणून?"

"मागा की. तुमचा हक्कच आहे तो."

तिने मागितलं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी तिने फजिती करून घेतली. आग विझवायचं नळकांडं उचललं, वीरश्रीने धावली, दांडा दाबला, आणि काहीच आलं नाही. पिन काढायची राहिली होती. शिकवणारा अग्निशमन दलाचा जवान म्हणाला, "मावशी, आग हसत असेल आता." सगळे हसले, तीही हसली, आणि संध्याकाळपर्यंत तिने तो दांडा इतक्या वेळा दाबला की जवानच कंटाळला. पेटीचं कुलूप मात्र त्याच आठवड्यात निघालं. पेटीत मलमं कमी आणि सुया, टिकल्या, कुणाचा तरी कंगवा जास्त निघाला. काजवालीने सगळं बाहेर काढून ज्याचं त्याला दिलं आणि बजावलं, "यात ठरलेल्या वस्तूंशिवाय काही ठेवायचं नाही. टाचणीसुद्धा नाही."

पेटी झाली. दार राहिलं.

पहिल्या बैठकीत तिने दाराचा विषय काढला. मॅनेजरसाहेब अध्यक्ष. माणूस गोड बोलायचा. "तुमची काळजी आम्हाला नाही का? चावी तुमच्याच दिरांकडे आहे. हाक मारली की दोन मिनिटांत दार उघडतं. शिवाय दरवर्षी आपण सराव घेतो. मागच्या वेळी सगळे कसे झटपट खाली उतरले!"

ते खरंच झटपट उतरले होते. कारण सरावाची तारीख आधीच फळ्यावर लागायची, चावीवाले सकाळीच दार उघडून ठेवायचे, भोंगा वाजायचा, आणि सगळ्याजणी हसत-खिदळत लोखंडी जिन्याने उतरून खालच्या चहाच्या रांगेत उभ्या राहायच्या. संध्याकाळी पुन्हा कुलूप.

"साहेब," काजवाली म्हणाली, "ते बाहीवरचं काज आहे. दिसतं, उघडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं काज. आम्ही आत असताना ते दार आतून, चावीशिवाय, ढकललं की उघडलं पाहिजे. कायदाच तसा आहे. तुम्ही वाटल्यास मॅडमना विचारा."

मॅडमनी हो म्हणून मान हलवली. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मॅडमचा चहा थंड झाला. मग साहेब म्हणाले, "बघू." काजवाली म्हणाली, "बघू असं लिहू नका. कोण बघणार आणि कधीपर्यंत, तेवढं लिहा." साहेबांनी लिहायला लावलं, पण तोंड वाकडं करून. तीन महिने गेले, पुढची बैठक आली, दार तसंच. साहेब म्हणाले, "कोटेशन मागवलंय."

एव्हाना घरातही आग लागली होती, आणि ती विझवायला कुठलंच नळकांडं कामाचं नव्हतं. दोन्ही भावांची बिऱ्हाडं एकाच चाळीत, शेजारी शेजारी. एका संध्याकाळी दीर येऊन उंबऱ्यात उभा राहिला. आत आला नाही.

"वहिनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय. उद्या त्या दाराने एक तागा जरी गेला तरी मान कुणाची कापणार? साहेबांची?"

"भाऊजी, बसा तरी."

"बसायला नाही आलो. तुम्हाला समितीत मिरवायचंय, मिरवा. माझं कुलूप सोडा."

धाकटी त्याच्या मागे उभी होती. तीही म्हणाली, "ताई, माझं मनगट बरं झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळं नीट चाललंय, कशाला ओढवून घेताय?"

काजवालीला राग आला, आणि राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जायचा. "धाकटे, त्या दाराच्या सगळ्यात जवळ कोण उभं असतं? मी नाही. मी जिन्यापाशी असते. मी सुटेन. तू कुठे जाशील?"

दोघंही निघून गेली. त्यानंतर दोन्ही घरांत वाटीची देवाणघेवाण बंद झाली. नवरा म्हणाला, "अगं, भावाभावांत वितुष्ट येईल." ती म्हणाली, "येऊ दे. वितुष्ट मिटवता येतं." त्यावर त्याने उठून तिच्यासाठी चहा केला. त्याला चहा करता येत नव्हता, तरी ती तो प्यायली.

मग माल पाठवायचा दिवस आला. परदेशी गिऱ्हाइकाचे कोट, घाईचं काम. सकाळपासून खोकी भरली जात होती. ट्रकला उशीर झाला तशी खोकी समोरच्या जिन्यावर रचायला घेतली. आधी कडेने, मग पायऱ्यांवर, मग एकावर एक, इतकी की खाली जायला एक माणूस आडवा होऊन कसाबसा निघेल. हॉलमध्ये शंभराहून जास्त माणसं, वाफ, इस्त्र्या, टेबलांखाली चिंध्यांचे ढीग.

काजवालीने मशीन बंद केलं. जिन्याकडे पाहिलं, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुलपाकडे पाहिलं. आजवर निदान एक वाट होती. आज एकही नव्हती.

समितीतल्या दुसऱ्या कामगार प्रतिनिधीला, कटिंग मास्तरला, तिने बरोबर घेतलं आणि दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वेल्फेअर मॅडम तिथेच बसल्या होत्या.

"साहेब, समितीच्या वतीने सांगायला आलोय. पुढचा जिना बंद आहे, मागचं दार बंद आहे. आतल्या माणसांच्या जिवाला धोका आहे. आत्ता, या घडीला. दोन्ही मोकळं करा."

"काजवाली, ट्रक येतोय. तासाभराचा प्रश्न आहे. धोका बिका काही नाही."

"तुम्हाला नाही वाटत?"

"नाही."

"मग तसं निरीक्षकांना कळवा."

साहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी कळवू?"

"तुम्हीच. आम्ही धोका आहे म्हटलं की तुम्ही ताबडतोब काहीतरी करायचं. नाही पटलं तर तुम्ही स्वतः कारखाना निरीक्षकांना लगेच कळवायचं, आणि त्यांचा शब्द शेवटचा. आम्हीही कळवणार आहोतच." कटिंग मास्तरने खिशातला फोन वर धरून दाखवला. तो त्याने खाली घेतला नाही.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. या वेळी मॅडमनी नजर खाली घातली नाही. "असंच आहे, सर," त्या म्हणाल्या. "आणि निरीक्षक आले तर आधी जिनाच बघतील."

साहेब मूर्ख नव्हते. शंभर माणसं आणि जिन्यावरची खोकी निरीक्षकाच्या डोळ्यांनी कशी दिसतील हे त्यांना एका क्षणात दिसलं. ते उठले. "स्टोअरकीपरला बोलवा. दार उघडा. आणि खोकी खाली घ्या, चला!"

जुडगं वाजत वाजत चावीवाले हॉलमध्ये आले. वहिनीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मशीनं थांबली होती, सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. ते इस्त्रीच्या टेबलांमधून वाट काढत दारापाशी गेले आणि जुडग्यातली एक चावी काढून कुलपात घातली. चावी फिरली नाही. दुसरी घातली. ती शिरलीच नाही. तिसरी, चौथी. जुडग्याचा आवाज तेवढा हॉलमध्ये ऐकू येत होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

चावीवाल्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "साहेब, गेल्या आठवड्यात मी कुलूप बदललं. जुनं सैल झालं होतं, म्हटलं मजबूत घालावं. नवीन चावी... जुडग्यात घालायची राहिली."

"मग आहे कुठे?"

"घरी. काल घातलेल्या पँटच्या खिशात."

शेवटच्या इस्त्रीवरून धाकटीचा आवाज आला. अगदी हळू, जणू तिने स्वतःलाच सांगितलं. "ती पँट मी सकाळी भिजत घातली."

कुणी हसलं नाही. एरवी अशा बोलण्यावर सगळ्यांनी हसून हॉल डोक्यावर घेतला असता. धाकटी नवऱ्याकडे बघत होती, मग कुलपाकडे, मग हॉलच्या त्या टोकाला खोक्यांनी भरलेल्या जिन्याकडे. मग तिने विचारलं, "अहो, म्हणजे आत्ता आग लागली असती तर?"

चावीवाले जुडगं हातात धरून तसेच उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ते कापडाची राखण करत होते. आपण बायकोला कुलपाच्या कुठल्या बाजूला ठेवलंय, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

काजवालीला त्या वेळी जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिला दिराची दया आली. ती पुढे झाली, त्याच्या हातातलं जुडगं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, बॉयलरवाल्याकडे लोखंड कापायची करवत आहे. ती आणा. चला, मीही येते."

कुलूप चावीवाल्यांनी स्वतः कापलं. घाम गाळत, कुणाच्या हातात करवत न देता. कडी सुटली, दार कुरकुरत उघडलं आणि बाहेरचा वारा आत आला. धाकटी इस्त्री बंद करून सगळ्यांत आधी लोखंडी जिन्यावर जाऊन उभी राहिली. नुसती उभी.

साहेबांनी त्या दिवशी काही चांगुलपणा दाखवला असं नाही. पण सगळ्यांसमोर घडलेलं त्यांना पुसता येईना, आणि कटिंग मास्तरने तक्रारीचा अर्ज निरीक्षकांकडे पाठवलाच. निरीक्षक आले, सगळं पाहिलं, तक्रार कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं तरी त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, आणि दाराचं काम लेखी नेमून देऊन गेले. कोटेशनचा विषय मग फार लवकर संपला. दारावर आडवी दांडी बसली. आतून ढकलली की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही. आणि दार उघडलं की खालच्या गेटवर घंटा वाजते, म्हणजे कापडाचीही राखण झाली. ही घंटेची कल्पना चावीवाल्यांची होती. बैठकीत ती त्यांनी स्वतः मांडली, वहिनीच्या शेजारी बसून, बिस्किटांना हात न लावता.

जिन्यावर खोकी ठेवायला बंदी झाली. पुढचा सराव कुठल्याच फळ्यावर लागला नाही. भोंगा वाजला तेव्हा निम्म्याजणींच्या हातात कात्री होती, काहीजणी गोंधळल्या, एकीने आधी पर्स शोधली. काजवालीने तिला बखोट धरून बाहेर काढलं आणि खाली उतरल्यावर भरपूर सुनावलं. चहा त्या दिवशी नव्हता.

धाकटीने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मागून घेतलं. पेटी आता तिच्याकडे असते. दोन्ही घरांत वाट्या पुन्हा जाऊ-येऊ लागल्या. दीर अजून वहिनीसमोर त्या कुलपाविषयी बोलत नाही, आणि तीही तो विषय काढत नाही.

पण रोज सकाळी, वाफ चालू करायच्या आधी, धाकटी त्या दारापाशी जाते आणि दांडीवर हात ठेवून जोराने ढकलते. दार उघडतं, खाली गेटवर घंटा वाजते, रखवालदार वैतागून वर बघतो. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे वळून मोठ्याने ओरडते,

"ताई, कापलेलं आहे!"

मग काजवाली आपलं मशीन चालू करते.